जुरीच्या नावाखालचा फोटो

इब्राहीमभाई गिऱ्हाइकावर ओरडल्याशिवाय फोटो काढत नसत. "काऊन हलून राह्यला बे? झाड हाये का तू, वाऱ्यानं हलाले?" असं ते नवरदेवालाही म्हणत आणि नवरदेवाच्या बापालाही. चामोर्शीच्या बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा रूही फोटो स्टुडिओ होता. रूही म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन बल्लारपूरला गेलेली. शेजारच्या गाळ्यात माझं कॉम्प्युटर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्यांच्या शिव्या मला पाठ होत्या. माझ्या बायकोला, सरिताला, त्या पसंत नव्हत्या. पण कुणाच्या घरी मयत झाली की तीच म्हणायची, "इब्राहीमभाईकडे जा, त्यांच्याकडे फोटो असंल."

आणि असायचाच. याच गोष्टीमुळे लोक त्यांच्या शिव्या खाऊन घेत.

आमच्या भागातल्या आतल्या गावांमध्ये तेव्हा माणसाचा आयुष्यात एकदा फोटो निघायचा, तोही कुठल्यातरी ओळखपत्रासाठी. ते काम इब्राहीमभाई करत. पाऊस संपला की कॅमेरा, स्टूल आणि एक पांढरी चादर घेऊन निघायचे. आष्टी, आलापल्ली करत पार भामरागडच्या पुढच्या टोल्या-वस्त्यांपर्यंत. झाडाखाली स्टूल मांडायचं, मागे गावातल्याच दोघांनी चादर ताणून धरायची आणि एकेकाने येऊन बसायचं. ओळखपत्राचं काम झालं की दुसऱ्या कुणी ते फोटो पुसून टाकले असते. हे ठेवून घेत. "आज नाई, पण हा मरन," ते म्हणायचे, "मंग याचे लेकरं येतीन माझ्याकडे. तेव्हा मी काय दाखवू, ठेंगा?" गावातून निघताना मोडक्या माडिया बोलीत आणि धडधाकट मराठीत सगळ्यांना बजावत, "चामोर्शीले या. फकस्त नाव सांगा, चेहरा देतो."

रोलच्या काळात त्यांची एक पद्धत होती. एका गावाला एक रोल, मोजणी एकपासून. पुढे त्यांनी नागपुरातून जुना डिजिटल कॅमेरा आणला तरी पद्धत सोडली नाही. गाव बदललं की कार्ड रिकामं करायचं, कॅमेऱ्यातला आकडा पुन्हा एकवर आणायचा. त्यामुळे प्रत्येक गावाच्या पहिल्या माणसाच्या फोटोचं नाव तेच, दुसऱ्याचंही तेच. मी एकदा म्हटलं होतं, नंबर पुढे चालू द्या. तर म्हणाले, "हरेक गावाचा पयला मानूस पयलाच राह्यला पायजे. तो बसते म्हनून बाकीचे बसतात." त्यांनी प्रत्येक गावाचं वेगळं फोल्डर केलं होतं, म्हणून घोटाळा होत नव्हता.

ते सगळं शोधायला सोपं जावं म्हणून मी त्यांना एक्सेलची फाइल करून दिली. पहिल्या शीटवर गावांची नावं, निळी, खाली रेघ असलेली. गावावर दाबलं की त्या गावाचं शीट उघडायचं. तिथे माणसांची नावं, तीही निळी. नावावर दाबलं की फोटो समोर. लिंक कशी लावायची ते मी एकदाच दाखवलं. मग पन्नाशीचा तो माणूस उन्हाळाभर एका बोटाने नावं लिहीत आणि लिंका लावत बसला. लिंक म्हणजे फोटो नसतो, फोटो ठेवलेल्या जागेचा पत्ता असतो, हे मी समजावलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "समजलं. दोरी हाये. बकरी तिकडे बांधली हाये, दोरीचं टोक माझ्या हाती." मला हसू आलं होतं. इतकं बरोबर मलाही सांगता आलं नसतं.

कुणी रडत आलं की इब्राहीमभाई आधी पाणी देत, मग विचारत, "गाव?" टक. "नाव?" टक. पडद्यावर चेहरा यायचा आणि समोरचा माणूस हंबरडा फोडायचा. अशा वेळी भाई दुकानाबाहेर येऊन उभे राहत, रस्त्याकडे तोंड करून. त्या दिवशी त्यांच्या तोंडून शिवी निघत नसे.

त्यांचा मुलगा सैफ नागपुरात कॉम्प्युटरचं शिकत होता. पोरगा चांगला. बापाचा जुना डबा कुंथत कुंथत चालतो हे त्याला बघवेना. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाला, पावसाळ्यात तो नवा कॉम्प्युटर घेऊन आला. जुन्यातलं सगळं नव्यात टाकलं आणि जुना डबा बदलीत देऊन आला. डेस्कटॉपवर बापाची एक्सेलची फाइल ठेवली. शीटांची नावंही नीट केली, पुढे क्रमांक घालून, म्हणजे ओळीत दिसतील. जाताना म्हणाला, "अब्बू, सब सेट करून देल्लं." भाईंनी मला पेढा दिला. पावसात आतले रस्ते बंद, फोटो मागायला कोणी येत नव्हतं, म्हणून ती फाइल दोन-तीन महिने कुणी उघडलीच नाही.

थंडी पडू लागली तेव्हा लालसू आला.

मी दुकानात होतो. सैफही सुट्टीवर आलेला, बापाच्या गाळ्यात मोबाइल खोलून बसला होता. लालसू पंचविशीतला माडिया तरुण, भामरागडच्या पलीकडच्या हिरमटोल्याचा. पहाटे निघून दोन एसट्या बदलून आला होता. दारात चपला काढल्या. आमच्याकडे स्टुडिओत कुणी चपला काढत नाही.

"फोटोवाले भाऊ," तो म्हणाला, "तुमी सांगतलं होतं, नाव सांगा म्हनून."

"हो, सांगतलं होतं. बस. गाव?"

"हिरमटोला. माही बायको, जुरी."

भाईंचा चेहरा बदलला. त्यांना ती आठवत होती. "अरे, ते जुरी? जे पयली बसली होती?"

लालसू हसला. आल्यापासून पहिल्यांदा. दोन वर्षांपूर्वी भाई हिरमटोल्याला गेले तेव्हा स्टुलावर बसायला कोणीच तयार नव्हतं. कॅमेरा आयुष्य ओढून घेतो असं एका म्हातारीने सांगितलं होतं. तेव्हा ही नुकती लग्न होऊन आलेली पोरगी पुढे झाली आणि धपकन स्टुलावर बसली. भाईंनी तिलाही "दात काऊन काढून राह्यली?" म्हणून झापलं. ती जास्तच हसली. मग सगळं गाव बसलं. आणि ती उन्हं उतरेपर्यंत चादरीचं एक टोक धरून उभी राहिली.

या वर्षीच्या पावसात ती बाळंत झाली. पूर आलेला, पूल पाण्याखाली. दवाखान्यात न्यायला खाटेवर घालून नदीपर्यंत आणली, नदीने पुढे जाऊ दिलं नाही. मूल आदल्या रात्रीच झालं होतं, मुलगी. पोरगी जगली. जुरी नदीच्या काठावरच गेली. लालसूने हे सगळं अगदी सरळ सांगितलं, जसं एसटी कुठे थांबली ते सांगावं तसं.

"पोरगी मोठी होईन तं इचारन ना भाऊ, माय कशी होती म्हनून," तो म्हणाला. "मंग मी काय सांगू? तिचा दुसरा फोटो नाई. ओळखपत्रबी आलं नाई. आन मले... मले तोंड बिसरून राह्यलो असं वाटते. राती डोळे मिटतो तं येतच नाई. चार महिनेच झाले भाऊ."

भाईंनी चष्मा पुसला. "देतो बाबा. आत्ता देतो. मोठा करून देतो, फरेम माझ्याकडून." त्यांनी फाइल उघडली आणि हिरमटोला या निळ्या नावावर दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. संदर्भ बरोबर नाही, अशा अर्थाची.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. दुसऱ्या गावावर, तिसऱ्या गावावर. मग भिंतीवर थाप मारली. ती मला बोलवायची खूण.

मला पहिल्या नजरेतच कळलं. शीटांची नावं बदलली होती आणि लिंका जुन्याच नावाने हाक मारत होत्या. एक्सेलच्या सूत्रांमध्ये शीटचं नाव आपोआप बदलतं, अशा लिंकमध्ये बदलत नाही. "काही गेलं नाही," मी म्हटलं. खाली शीटांच्या पट्टीवर हिरमटोला होतंच, पुढे क्रमांक लागलेलं. त्यावर दाबलं आणि सगळं गाव समोर आलं. पहिलंच नाव: जुरी लालसू.

"हे पाय," भाई लालसूला म्हणाले, "हे तुयी जुरी." लालसूला वाचता येत नव्हतं. तरी तो पुढे वाकून त्या निळ्या अक्षरांकडे बघत राहिला.

नावावर दाबलं. फाइल उघडता येत नाही, असं आलं.

हेही मला समजलं. ती लिंक एक्सेलच्या फाइलपासून वाट मोजत होती: शेजारच्या फोटोच्या फोल्डरात जा, त्यात हिरमटोल्यात जा, तिथला एक नंबर उघड. आता फाइल डेस्कटॉपवर आणि शेजारी असं फोल्डरच नव्हतं. बाण नावावर धरला की तो पत्ता दिसत होता, नसलेल्या घराचा. "सैफ, फोटो कुठे टाकले?" मी विचारलं.

"दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, दादा. एकाच फोल्डरमध्ये सगळे. इतके सारे फोल्डर होते, गिचमिड वाटे."

"मग होऊन जाते," मी म्हटलं. ते मी लालसूकडे बघून म्हटलं, हे मला अजून बोचतं. जुरीच्या नावावर उजवं बटण दाबलं, लिंक दुरुस्त करायची खिडकी उघडली, नव्या फोल्डरात गेलो. पत्त्याच्या शेवटी नंबर होता एक. एक नंबरचा फोटो निवडला. होय म्हटलं. मग माउस भाईंच्या हाती दिला, कारण ते काम त्यांचं होतं.

"लालसू, इथी ये. समोर उभा राय."

भाईंनी दाबलं. फोटो उघडला.

पांढऱ्या मिशांचा, फेटा बांधलेला एक म्हातारा आमच्याकडे बघत होता.

लालसूने आधी पडद्याकडे पाहिलं, मग भाईंकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आपलीच काही चूक झाली असावी अशा आवाजात तो म्हणाला, "हे जुरी नव्हे, भाऊ."

"थांब, थांब. दुसरीकडे गेला असंल." भाईंनी खालच्या नावाची लिंक लावायला सांगितली. मी लावली. तिथे कुठल्यातरी दुसऱ्याच गावची शाळकरी मुलगी निघाली. तिसऱ्यालाही हिरमटोल्याचा नसलेलाच कोणीतरी. भाईंना अजून कळलं नव्हतं. त्यांना कळायच्या आधी मला उठून जावंसं वाटत होतं.

"सैफ," मी म्हटलं, "एका फोल्डरमध्ये टाकताना कॉम्प्युटरनं काही विचारलं होतं?"

तो उभा राहिला. "विचारलं ना. या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मले वाटलं, अब्बूनं तेच फोटो दोन-दोनदा ठेवले आहेत. मी सगळ्यांना होय म्हणलं..." आणि बोलता बोलताच त्याला समजलं.

प्रत्येक गावाचा एक नंबर एकाच जागेवर जाऊन बसला होता आणि आधीच्याला पुसत गेला होता. शेवटी जे गाव टाकलं त्याचा पहिला माणूस उरला, तो मिशावाला म्हातारा. जुना डबा बदलीत गेलेला, कधीच कोरा झालेला. कॅमेऱ्याच्या कार्डावर त्यानंतर शंभरदा दुसरे फोटो आले होते. मी हे भाईंना हळू आवाजात सांगितलं. मला वाटलं ते सैफला मारतील. निदान ओरडतील. सगळा बाजार गोळा होईल.

ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे पयले पयले गेले."

"हो."

"जे आधी बसले ते गेले."

सैफ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडत होता. त्याला कोणी गप्प करत नव्हतं आणि रागावतही नव्हतं. लालसूला नेमकं काय झालं ते कळलं नसावं. फोटो नाही एवढं कळलं. तो खाली बसला.

मग मलाच सुचलं. हिरमटोला मोठं गाव. इतर गावांत जितकी माणसं बसली त्यापेक्षा तिथे जास्त बसली होती. म्हणजे तिथले शेवटचे नंबर दुसऱ्या कुठल्या गावात नव्हतेच, त्यांना पुसणारं कोणी आलं नसणार. फोल्डरच्या तळाशी गेलो. होते. हिरमटोल्याचे शेवटचे आठ-दहा जण, संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात. सगळ्यात शेवटी बसायला आलेले भित्रे लोक.

"हा जंगू," लालसू बोलू लागला. "हे सोमाजीची माय." त्याचा आवाज जरा उजळला. गावातली माणसं दिसली तेवढ्यानेही. मग तो एकदम उठला आणि पडद्याला नाक लागेल इतका जवळ गेला.

"भाऊ, हे."

शेवटच्या फोटोत एक म्हातारी कावरीबावरी होऊन बसली होती. तिच्या मागे चादर. आणि चादरीच्या डाव्या कडेला, जिथे फोटो संपतो तिथे, एक हात. चार बोटं चादरीत रुतलेली, मनगटावर हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, बांगड्यांच्या वर गोंदलेल्या ठिपक्यांची ओळ. पुढे फोटोच नव्हता.

"हा जुरीचा हात हाये."

भाईंनी फोटो मोठा केला. हात पडदाभर झाला. बोटाच्या पेरावर एक ओरखडा दिसत होता.

"काडी तोडताना लागलं होतं," लालसू म्हणाला. "मीच पाला लावून देल्ला." मग बराच वेळ बघून तो म्हणाला, "हात मले आठवते भाऊ. हात नाई बिसरलो. तोंडच पायजे होतं."

हे ऐकून इब्राहीमभाई रडले. मी त्यांना त्यापूर्वी कधी रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत, लहान पोरासारखे रडले. उलट लालसूच त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

छापताना चादर धरणाऱ्यांचे हात भाई नेहमी फोटोतून कापून टाकत. फोटोच्या कडेला बोटं दिसली की त्यांना खपत नसे. पडद्यावर फोटो कापायची चौकट आत सरकवत. त्या दिवशी त्यांनी डोळे पुसले, चौकट धरली आणि उलटीकडे सरकवली. म्हातारीचा चेहरा बाहेर गेला, स्टूल बाहेर गेलं. राहिला हात आणि त्याच्यामागे हिरमटोल्याचं थोडंसं झाड. मोठा करून छापला. काच स्वतः पुसली, चौकट स्वतः ठोकली. लालसू पैसे काढू लागला तर त्याचा हात धरून ठेवला, सोडेचना.

"पोरीचं नाव काय ठेवलं?" भाईंनी विचारलं.

"अजून नाई ठेवलं. फोटो भेटला का ठेवू म्हणलं होतं." त्याने चौकट टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली. "आता ठेवू. हात दाखवून ठेवू." दारात चपला घातल्या आणि एसटी गाठायला गेला.

सैफ दुसऱ्या दिवशी नागपूरला गेला. बापाने त्याला स्टँडपर्यंत सोडलं, डब्यात भाकरी दिल्या. गाडी हलली तेव्हा त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पोराला माफ केलं होतं. स्वतःला केलं नव्हतं. त्यानंतर पाच वर्षं स्टुडिओ चालला, गावांमध्ये ते पुन्हा गेलेही, पण निघताना ते वाक्य कधी बोलले नाहीत. फोटो काढायचे, तिथल्या तिथे माणसाच्या हातात देता येईल म्हणून छोटा प्रिंटर बरोबर नेत, आणि कुणी हललं तरी ओरडत नसत. लोकांना ते विचित्र वाटायचं.

लालसू गेला त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा भिंतीवर थाप मारली. मी गेलो. हिरमटोल्याचं शीट उघडं होतं.

"अश्विन, मी पुन्हा दाबून पायलं," ते म्हणाले. "पुन्हा तोच म्हातारा येते."

"मी लिंक लावली ना, म्हणून येते."

"सकाळी तुटेल होती तं कमसे कम खरं बोलत होती, नाई सापडत म्हनून. तिच्या नावाखालून त्याले काढ."

मी जुरीच्या नावावर उजवं बटण दाबलं आणि लिंक काढून टाकली. निळा रंग गेला, खालची रेघ गेली. काळ्या अक्षरात साधं नाव उरलं, बाजाराच्या यादीतलं असावं तसं.

"आता दाबलं तं?"

"काही उघडणार नाही."

त्यांनी दाबून पाहिलं. काही उघडलं नाही. "बरं झालं," ते म्हणाले. मग मी निघून आलो, दुकान आवरायला लागलो. मधली भिंत एका विटेची. पलीकडून त्यांच्या माउसचा आवाज येत होता, टक, थोड्या वेळाने पुन्हा टक. मी शटर ओढेपर्यंत तो येतच होता.